प्लेटलेट कमी की ट्यूबमध्ये चिकटलेल्या?

प्रश्न: आईचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. प्लेटलेट एका लॅबमध्ये ४१ हजार, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे १ लाख ८० हजार. नक्की कोणता रिपोर्ट खरा?

पहिल्या लॅबला आधी एकच विचारा: रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली कुणी पाहिली का? नसेल पाहिली, तर तो ४१ हजारांचा आकडा मी मानणार नाही.

परळच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन होते तेव्हा लालबागचे एक गिरणी कामगार आजोबा हर्नियासाठीच आले होते. प्लेटलेट ३४ हजार, पांढऱ्या पेशी १३,२००. अंगावर एक लाल ठिपका नाही. कानाच्या पाळीवर ब्लीडिंग टाइम केला, दर अर्ध्या मिनिटाला फिल्टर पेपर टेकवत. अडीच मिनिटांत रक्त थांबलं. खरंच ३४ हजार असत्या तर वेळ लांबायला हवा होता. (क्लॉटिंग टाइमचा इथे उपयोग नाही, प्लेटलेट कमी असूनही तो नॉर्मल येतो.) सर म्हणाले, "मशीनने दिलंय ना, पाठवून दे." मी पाठवला नाही.

ट्यूबमध्ये काडी फिरवून पाहिली, गुठळी नव्हती. मग स्लाइड काढली. तिच्या शेपटीकडे प्लेटलेटचे झुबकेच झुबके! आमचं मशीन पेशी ओळखत नव्हतं, बारीक छिद्रातून जाताना तिने किती जागा अडवली एवढंच मोजायचं. झुबका त्याला प्लेटलेट वाटत नाही, मोठा असला तर तो पांढऱ्या पेशींत जमा होतो. म्हणून एक आकडा पडलेला आणि दुसरा चढलेला.

काही माणसांच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात काही होत नाही, सगळं ट्यूबमध्येच. नमुना जितका वेळ पडून राहील तितकं वाढतं.

आजोबांचं रक्त पुन्हा घेतलं, निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये, आणि लगेच मशीनवर लावलं. १ लाख ७१ हजार. त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून १.१ ने गुणायचं: १ लाख ८८ हजार. पांढऱ्या पेशी तशाच गुणून ८,१४०. तोवर त्यांचा मुलगा प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी ब्लड बँकेत रांगेत उभा होता. त्याला फोन करून मीच परत बोलावलं. सर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. मशीन चुकत नाही, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. स्लाइड न पाहता ३४ हजार छापणं मला आजही चूकच वाटतं.

तुमच्या आईचं रक्त सायट्रेटमध्ये तपासून घ्या आणि सर्जनना दोन्ही रिपोर्ट दाखवा. काहींच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात, तेव्हा स्लाइडवरूनच अंदाज घ्यावा लागतो. आणि ताप असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर ठिपके असतील, तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवा. पावसाळ्यात डेंग्यूने प्लेटलेट खरोखरच पडतात, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.