घरातले दाखले आणि सातबारे: फाइलीच्या नावात नेमके काय लिहावे

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेतले सगळे कागद (शाळेचे दाखले, सातबारे, फेरफार, खरेदीखते) फोनवर स्कॅन करून ठेवले आहेत, पण लागेल तेव्हा एकही सापडत नाही. फोल्डर कसे करावेत आणि फाइलींना नावे कशी द्यावीत?

उत्तर:

कागदावर जे नाव किंवा जो क्रमांक लिहिलेला असतो तोच आपण सहसा फाइलीला देतो. घरच्या कागदांच्या बाबतीत अडचण अशी, की माणूस तोच आणि जमीन तीच असली तरी वेगवेगळ्या काळातल्या कागदांवर त्यांची नावे आणि क्रमांक वेगवेगळे असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचे माहेरचे नाव असते आणि खरेदीखतावर सासरचे. एकत्रीकरण झालेल्या गावांत आजोबांच्या काळातल्या सातबाऱ्यावर सर्व्हे क्रमांक असतो आणि आजच्या उताऱ्यावर गट क्रमांक, आणि हे दोन आकडे बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे गट क्रमांक टाकून शोध घेतला, की अर्धेच कागद समोर येतात आणि उरलेले नाहीतच, असे वाटू लागते. म्हणून प्रत्येक माणसाला आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला आधी एक कायमची खूण ठरवून द्यावी आणि कागदावर काहीही लिहिलेले असले तरी फाइलीच्या नावात तीच खूण वापरावी.

माणसाची खूण नात्यावरून ठरवू नये. आज आपण ‘आई’ असे लिहिले, तर उद्या आपली मुले तेच फोल्डर उघडतील तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती आजी असेल. शाळेतले पहिले नाव आणि त्याला जोडून जन्मवर्ष, उदाहरणार्थ `suman1958`, ही खूण लग्नाने किंवा पुढच्या पिढीने बदलत नाही. शिवाय घराण्यात एकाच नावाची दोन माणसे असली तरी घोटाळा होत नाही.

जमिनीसाठी आजचा गट क्रमांक हीच खूण घ्यावी आणि जुना सर्व्हे क्रमांक नावाच्या शेवटी जोडावा. समजा, आजोबांची जमीन पूर्वी सर्व्हे क्रमांक ४५, हिस्सा २ होती, एकत्रीकरणानंतर ती गट ११२ झाली आणि पुढे वाटपात आपल्या वडिलांच्या वाट्याला ११२/२ आला. त्या फोल्डरातल्या फाइली अशा दिसतील:

```
1958-00-00_g112_satbara_s45-2_nakkal-2019-02-11.pdf
1971-08-23_g112_ferfar-438_varas_s45-2.pdf
1979-00-00_g112_ekatrikaran_s45-2.pdf
2004-05-17_g112-2_ferfar-1206_vatap.pdf
2024-11-04_g112-2_satbara_digital.pdf
```

`g112` शोधले की पाचही फाइली येतात आणि `s45-2` शोधले की जुन्या तीन येतात. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली असल्यामुळे फाइली नावानुसार लावल्या, की जमिनीचा इतिहास आपोआप क्रमाने उभा राहतो. फेरफार क्रमांक नावात असणे फार उपयोगाचे ठरते, कारण हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी केलेले नाव कंसात असते आणि ज्या फेरफाराने बदल झाला त्याचा क्रमांक शेजारी वर्तुळात लिहिलेला असतो. वर्तुळात ४३८ दिसले की `ferfar-438` शोधावे. तो कागद आपल्याकडे आहे, की तलाठी किंवा तहसील कार्यालयातून त्याची नक्कल काढावी लागणार आहे, हे तेव्हाच कळते.

तारखेबाबत एक नियम ठरवावा आणि तो मोडू नये. दाखल्यावर जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि दाखला दिल्याची तारीख अशा तीन तारखा असतात. मी दाखला दिल्याची तारीख घेतो. त्यामुळे मूळ दाखला आणि नंतर काढलेली दुय्यम प्रत आपोआप वेगवेगळी राहतात. खरेदीखताला नोंदणीची तारीख घ्यावी, कारण दस्त क्रमांक त्याच वर्षाला बांधलेला असतो. अपवाद फक्त जुन्या अभिलेखाच्या नकलेचा: १९५८ च्या सातबाऱ्याची नक्कल २०१९ मध्ये मिळाली असली, तरी कागद १९५८ ची स्थिती सांगतो, म्हणून ते वर्ष पुढे आणि नकलेची तारीख शेवटी. दिवस-महिना माहीत नसेल तर शून्ये लिहावीत. अंदाजाने १ जानेवारी लिहिले, तर पुढे तीच खरी तारीख समजली जाते.

फाइलींची नावे मी रोमन लिपीत ठेवतो, आणि त्यामागे मराठीविषयी अनास्था नाही. देवनागरीत तोच शब्द संगणकाला दोन रूपांत मिळू शकतो. ‘सातबाऱ्या’मधला ऱ्या एका कळफलकावर एका प्रकारे साठवला जातो आणि दुसऱ्यावर वेगळ्या प्रकारे, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध चुकू शकतो. ‘११२’ आणि ‘112’ हेही बहुतेक शोधयंत्रणांच्या लेखी वेगळे. शिवाय अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलीच्या नावाची मर्यादा साधारण २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास चिन्हांतच नाव संपते, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. रोमनमध्ये मात्र स्पेलिंगचा घोळ होतो, कोणी `ferfar` लिहितो तर कोणी `pherphar`. म्हणून घरात वापरायच्या पंधरा-वीस शब्दांची यादी एकदाच करून तीच वापरावी. आणखी एक गोष्ट: तिरकी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही, त्यामुळे ७/१२ किंवा ११२/२ जसेच्या तसे लिहिता येत नाही. काही प्रणाली तिथे मनाने दुसरे चिन्ह घालतात. म्हणून आधीच आडवी रेघ ठरवून टाकावी.

नाव नीट असेल तर फोल्डरांवर फारसा भार पडत नाही. दोनच मुख्य फोल्डर करावेत, `vyakti` आणि `jamin`. पहिल्यात माणसागणिक एक, दुसऱ्यात गटागणिक एक, आणि त्याखाली आणखी पातळ्या नकोत. वाटणीपत्र दोघांकडेही शोभते, तेव्हा नियम असा, की ज्या कागदात जमिनीचा क्रमांक आहे तो जमिनीकडे जाईल आणि त्याची दुसरी प्रत कुठेही ठेवली जाणार नाही. दोन प्रती ठेवल्या, की त्यांतली एक कधीतरी बदलली जाते आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. आठ-अ उतारा मात्र एका गटाचा नसतो, त्यात त्या गावातल्या खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनी येतात. त्यासाठी `jamin` मध्ये `khate` असे एक वेगळे फोल्डर असू द्यावे.

आपले स्कॅन आधीच झालेले आहेत, तरी ते एकदा मोठे करून तपासावेत. फोनवरची बरीच स्कॅन ॲप कागद ‘स्वच्छ’ करण्यासाठी पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करतात, आणि त्यात फिकट शिक्के, पेन्सिलीच्या नोंदी आणि वर उल्लेखलेले कंस व वर्तुळे पुसली जातात. सातबाऱ्यावरचा कंस गेला, तर कमी झालेला हक्क अजून चालू असल्यासारखा दिसतो. अशी पाने फिल्टर बंद करून, रंगीत आणि ३०० डीपीआयवर पुन्हा घ्यावीत. ए-४ पानाला याचा अर्थ साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्यावी. नकलेवरचे शिक्के आणि सह्या पुष्कळदा तिथेच असतात.

छापील कागदांतला मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआर करता येते. संगणकावर ओसीआरमायपीडीएफ हे मोफत साधन आणि टेसरॅक्टची मराठी भाषा-फाइल असेल, तर आज्ञा अशी:

```
ocrmypdf -l mar+eng dakhla.pdf dakhla-ocr.pdf
```

याच्याकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नये. दाखल्याचा नमुना छापील असतो, पण विद्यार्थ्याचे नाव हाताने लिहिलेले असते, म्हणजे जे शोधायचे तेच नेमके वाचले जात नाही. मोडीतल्या कागदांचा तर प्रश्नच नाही. ते जाणकाराकडून वाचून घेऊन लिप्यंतर त्याच नावाने, शेवटी `lipyantar` जोडून ठेवावे. एकूण काय, हस्तलिखित कागद शोधताना भिस्त फाइलीच्या नावावरच राहते.

डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे संकेतस्थळावरून उतरवले असतील, तर त्यांना फक्त नाव बदलण्यापुरताच हात लावावा. नाव बदलल्याने स्वाक्षरीला धक्का लागत नाही. पण ती फाइल दुसऱ्या पीडीएफमध्ये जोडली, आकार कमी केला, ओसीआर केले किंवा ‘प्रिंट’ करून नव्याने जतन केली, की स्वाक्षरी पडताळता येत नाही आणि हाती फक्त चित्र उरते. अपलोडसाठी लहान फाइल लागलीच, तर वेगळी प्रत करून काम झाल्यावर ती काढून टाकावी. आपण घरी केलेले दाखल्याचे स्कॅनही अशी प्रतच असते, त्यामुळे मूळ दाखला जपावाच लागतो.

शेवटी एक तक्ता करावा, साध्या स्प्रेडशीटमध्ये. त्याच्या एका पानावर खुणांचा अर्थ असावा: `suman1958` म्हणजे कोण, माहेरचे पूर्ण नाव काय, सासरचे काय, कोणत्या कागदावर स्पेलिंग वेगळे आहे, `g112` म्हणजे कोणते गाव, जुना सर्व्हे क्रमांक कोणता. दुसऱ्या पानावर प्रत्येक फाइलीची एक ओळ, तीत देवनागरीत एक वाक्याचे वर्णन आणि मूळ कागद कुठे आहे याची नोंद: ट्रंकेतले कोणते पाकीट, बँकेचा लॉकर, की वकिलांकडे दिलेला. मराठीत शोधण्याची सोय या तक्त्यातच होते. तो आणि दोन्ही फोल्डर क्लाउडवर असतीलच, तरी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती एरवी संगणकापासून सुटी ठेवावी, कारण क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरातून चुकून पुसलेली फाइल सगळ्या उपकरणांवरून पुसली जाते.

आपल्या साठ्याला सुरुवात करायची असेल तर आधी सगळ्या फाइलींची नावे बदलत बसू नये. एक गट निवडून त्याचे सगळे कागद वरच्या पद्धतीने लावावेत आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, काही न सांगता, १९७१ ची वारस नोंद शोधायला सांगावी. ती सापडली नाही, तर त्यांनी शोधासाठी जो शब्द टाइप केला तो आपल्या यादीत आहे का, हे पाहावे.