पासबुकात मधल्या नोंदी का येत नाहीत

"मशीनवर पासबुक भरलं, पण मधल्या काही नोंदी छापूनच आल्या नाहीत. मोबाइलवरच्या स्टेटमेंटमध्ये मात्र त्या दिसतात. पैशांचा घोळ तर नाही ना?"

बहुतेक वेळा घोळ छपाईचा असतो, खात्याचा नाही. तरी आधी शिल्लक जुळवून बघा. आधीच्या ओळीची शिल्लक घ्या, पुढच्या ओळीत जमा असेल तर मिळवा, खर्च असेल तर वजा करा. उत्तर त्या ओळीतल्या शिलकीशी जुळायला हवं.

समजा, पानाच्या शेवटच्या ओळीत शिल्लक १८,४५० आहे. नव्या पानावरची पहिली नोंद ५०० खर्चाची, पण शिल्लक १५,९५०. ती १७,९५० हवी होती, म्हणजे मधले २,००० रुपये छापले गेलेले नाहीत. स्टेटमेंटमध्ये त्याच तारखांना १,२०० आणि ८०० असे दोन खर्च सापडले आणि ते तुमचेच असले, तर हिशोब लागला. तुमचे नसतील तर मात्र पासबुक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्या.

असं होतं कारण कुठपर्यंत छापलं याची खूण बँकेची सिस्टिम स्वतःकडे ठेवते. तुमच्या पासबुकावरचा बारकोड फक्त खातं ओळखतो, पानावर खरंच शाई उमटली का ते त्याला कळत नाही. पान अडकलं, रिबन फिकी पडली किंवा दोन पानं एकदम उलटली, तरी सिस्टिमच्या लेखी त्या ओळी छापून झालेल्या असतात. मग मशीनवर कितीही वेळा पासबुक घाला, त्या परत येत नाहीत. काउंटरवर जाऊन "अमुक तारखेपासून पुन्हा छापून द्या" असं सांगावं लागतं. मशीनमधून पासबुक निघाल्यावर तिथंच उघडून बघितलं तर हा हेलपाटा वाचतो.

दुसरा प्रकार म्हणजे पासबुक बरेच महिने न भरणं. काही बँका अशा वेळी साठलेल्या नोंदी एकत्र करून एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक एवढंच छापतात. इथं शिल्लक जुळते, फक्त तपशील हरवतो. त्या काळाचं स्टेटमेंट मागून घेणं हाच उपाय, आणि शाखेतून छापील हवं असेल तर त्याला शुल्क लागू शकतं.

यूपीआयच्या नोंदींचं रडगाणं वेगळंच. पासबुकाची ओळ अरुंद, त्यामुळे नाव अर्ध्यावर तुटतं. स्टेटमेंटमध्ये बारा आकडी व्यवहार क्रमांकासह ते बरंचसं पूर्ण मिळतं. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि व्यवहाराचा प्रकार पासबुकातही कळावा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये बँकांना बजावलंय, पण प्रत्यक्षात काय छापून येतं ते आपण बघतोच.

आणि आयपीओसाठी अर्ज केला असेल तर अजून एक गंमत दिसेल. अर्जाची रक्कम खात्यातच अडकवून ठेवलेली असते, कापलेली नसते. त्यामुळे पासबुकात तिची नोंद नसते आणि शिल्लक पूर्ण दिसते, पण ॲपमधली वापरता येणारी शिल्लक तेवढ्यानं कमी असते. शेअर मिळाले तरच ती रक्कम खर्चात पडते आणि तेव्हाच पासबुकात उमटते.