पॉइंटपासून लाइन आणि प्लेन, दोन्हीला प्रोजेक्शनच?

प्रश्न: बारावीला आहे, कोल्हापूर. पॉइंटचं प्लेनपासूनचं अंतर प्रोजेक्शननं येतंय, पण लाइनला तेच केलं की उत्तर चुकतंय. असं का?

उत्तर: भावा, प्रोजेक्शन बरोबरच काढतोयस, फक्त लाइनला चुकीचा तुकडा उचलतोयस बघ. A(1,0,2) मधून जाणारी लाइन घे, दिशा d = (2,1,2), आणि पॉइंट P(6,4,4). AP = (5,4,2) येतो, AP·d = 10+4+4 = 18 आणि |d| = 3, म्हणजे AP ची d वरची सावली 18/3 = 6. पण ही 6 लाइनच्या कडेकडेनं मोजलेली लांबी झाली, आपल्याला पाहिजे ती लाइनला काटकोनात असलेली. मग सावलीचा वेक्टर काढ, (18/9)d = (4,2,4), तो AP मधून वजा कर, राहिला (1,2,-2), त्याची लांबी 3, हेच लाइनपासूनचं अंतर.

बरोबर आलं का ते लगेच कळतं, उरलेल्या वेक्टरचा d शी डॉट घ्यायचा, 2+2-4 = 0, शून्य नाही आलं तर वजाबाकीत कुठंतरी माती खाल्लीस.

आता हाच (2,1,2) A मधून जाणाऱ्या प्लेनचा नॉर्मल समज. नॉर्मल मुळातच प्लेनला काटकोनात असतोय, त्यामुळं तिथं सावली 6 हेच थेट अंतर, वजाबाकीची भानगडच नाही. फक्त 3 नं भागायचं विसरू नको, नाहीतर 18 लिहून येशील (पेपरात निम्मी पोरं हेच करतात). डॉट मायनस आला तर पॉइंट प्लेनच्या पलीकडच्या बाजूला आहे एवढंच, मॉड्युलस घ्यायचा.