सरासरी भाव विसरा, खरेदीच्या तारखा काढा

प्रश्न: एकाच कंपनीचे शेअर दोनदा घेतले, त्यातले थोडे विकले. नफा सरासरी भावाने काढू का? शॉर्ट टर्म किती, लाँग टर्म किती?

सरासरी नाही. जे आधी आले ते आधी गेले, असंच धरायचं. ॲपवर दिसणारा सरासरी भाव टॅक्सच्या कामाचा नाही.

हे मी ऐरोलीला ताईच्या घरी दाजींना तासभर सांगत होतो. माझ्याकडे एका कंपनीचे १०० शेअर ऑगस्ट २०२१चे होते, ३०० रुपयांचे. ऑक्टोबर २०२४ला आणखी १०० घेतले, ९०० रुपयांनी. भाव पडला म्हणून फेब्रुवारी २०२५ला ७००ने १३० विकले. दाजी म्हणाले, "नवे विकले असं दाखव. १०० वर वीस हजार तोटा, वरचे ३० जुन्यातले." मी ऐकलं आणि एक्सेलमध्ये तसंच मांडलं.

जुलैत रिटर्न भरायला बसलो, तर ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टात वेगळेच आकडे. जुने १०० आधी संपलेले: नफा ४०,०००, लाँग टर्म. उरलेले ३० नव्यातले: तोटा ६,०००, शॉर्ट टर्म. रिपोर्टच बरोबर होता. त्या वर्षी इतर विक्रीतच माझी सव्वा लाखाची सूट संपली होती, त्यामुळे त्या नफ्यावर साडेबारा टक्के लागले. उरलेले ७० शेअर ९००च्या भावाने खात्यात पडून आहेत, त्यांचा तोटा ते विकेन तेव्हाच मिळेल.

दाजी आजही म्हणतात, "माझे शेअर, कुठले विकायचे ते मी ठरवणार." कागदी सर्टिफिकेटं होती तेव्हा हे चालायचं, कारण प्रत्येकावर नंबर असायचा. डीमॅटमध्ये शेअरला ओळखच नसते. म्हणून तर १९६१च्या कायद्यात कलम ४५(२ए) आलं, आणि २४ जून १९९८चं ७६८ नंबरचं परिपत्रक तेच सांगतं. दाजींनी ते एकदा वाचावं.

त्याच परिपत्रकात लिहिलंय की हा हिशोब प्रत्येक डीमॅट खात्याचा वेगळा. नवे १०० मी दुसऱ्या खात्यात घेतले असते, तर तिथून विकून वीस हजारांचा तोटा नियमात बसवता आला असता. हे आधी करायचं असतं. विकल्यावर काही होत नाही.

तुम्ही काँट्रॅक्ट नोट्स तारखेने लावा आणि विकलेला आकडा वरून वजा करत या. लिस्टेड शेअर १२ महिन्यांहून जास्त ठेवला असेल तरच लाँग टर्म. बरोबर १२ महिने झाले असतील, तर शॉर्टच.

हो, एक राहिलं. बोनस शेअर मिळाले असतील तर त्यांची तारीख वाटपाची आणि खरेदी किंमत शून्य, मूळ शेअरच्या तारखेला चिकटवू नका. आणि त्याच दिवशी घेऊन विकलेले इंट्राडे या रांगेत येतच नाहीत.