नेट गेल्यावर घेतलेलं कार्ड : पैसे नक्की कधी येतात?

प्रश्न : इतवारीत माझं मिठाईचं दुकान आहे. नेट दोन-चार मिनिटं गेलं तरी शेजारच्याचं स्वाइप मशीन छोटे पेमेंट घेतं, माझं नाही. असं कसं? मी पण चालू करून घेऊ का?

नागपुरात दुकानांना मशीन बसवून देणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. शेजाऱ्याच्या मशीनमध्ये त्याच्या बँकेने ‘स्टोअर अँड फॉरवर्ड’ चालू केलेलं असणार. ते दुकानदाराला स्वतःहून चालू करता येत नाही.

नेट नसतं तेव्हा मशीन व्यवहार कुलूपबंद करून आपल्या मेमरीत ठेवतं आणि लाइन आली की बँकेकडे पाठवतं. दरम्यान ते एवढंच तपासू शकतं की कार्ड अस्सल आहे का. मशीन चिपला एक आकडा देतं, चिप त्यावर आपली डिजिटल सही करते आणि मशीन आपल्याकडच्या डिजिटल किल्लीने ती सही पडताळतं. खात्यात पैसे आहेत का, कार्ड काल ब्लॉक झालं का, हे मात्र फक्त बँकेला माहीत असतं. पिनही बहुधा बँकच तपासते, म्हणून नेट नसताना सहसा बिनपिनचं टॅपच चालतं.

म्हणूनच रकमेला मर्यादा असते. रिझर्व्ह बँकेनेही ऑफलाइन छोट्या पेमेंटची एका वेळची मर्यादा ऑगस्ट २०२३ मध्ये २०० वरून ५०० रुपये केली. शिवाय मशीनमध्ये एकूण साठ्याचीही मर्यादा घालतात.

समजा तुमची मर्यादा एका बिलाला ५०० आणि एकूण १५०० आहे. पावसात नेट गेलं आणि १८०, २४०, ३२०, ४१० अशी चार बिलं टॅपने झाली. साठा झाला ११५०. पाचवं गिऱ्हाईक ४५० चं आलं तर मशीन नकार देईल, कारण बेरीज १६०० होते. सात मिनिटांनी नेट आलं, चारही व्यवहार गेले, तीन मंजूर झाले आणि ३२० चा ‘51’ कोड घेऊन परतला, म्हणजे खात्यात शिल्लक नव्हती. बर्फी गेली, गिऱ्हाईकही गेलं. जमा होणार ८३० (बँकेचं शुल्क वजा जाता). ते ३२० कोणाच्या माथी, हे तुमच्या बँकेच्या करारात लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा दुकानदाराच्याच. सही करण्याआधी हे कलम नक्की वाचा.

नेट अगदी मधेच तुटलं तर गोष्ट वेगळी. विनंती बँकेपर्यंत पोचली आणि उत्तर आलं नाही, तर तिकडे पैसे कापले गेलेले असू शकतात. अशा वेळी मशीन नंतर रद्द करण्याचा संदेश पाठवतं. तोवर तेच कार्ड पुन्हा टॅप करू नका. गिऱ्हाईकाचे दोनदा अडकतात, मग भांडण होतं.

आणखी एक, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बर्डीवरच्या एका दुकानात साठा पाठवायचा बाकी असताना कोणीतरी मशीन रीसेट केलं आणि मेमरीतले व्यवहार कायमचे गेले. मेनूत बाकी व्यवहारांची संख्या दिसते. ती शून्य झाल्याशिवाय रीसेट करू नका, मशीन बदलायलाही देऊ नका.