लाइटमॅपमधले काळे डाग आणि उजेडाची गळती: आधी एवढंच बघ

अरे, बेक सेटिंग्ज वाढवत बसू नकोस, मी पण सुरुवातीला सॅम्पल्स वाढवत रात्री घालवल्यात आणि डाग जिथल्या तिथेच. युनिटीत सीन व्ह्यूचा मोड `UV Overlap` कर. लाल दिसतंय ना, तिथे दोन आयलंडचे टेक्सल एकमेकांत घुसलेत.

आता दोन गोष्टी बघ:

१. मॉडेलच्या इम्पोर्टमध्ये `Generate Lightmap UVs` चालू कर. टेक्श्चरचा यूव्ही लाइटमॅपला चालत नाही, कारण त्यात आपण मुद्दाम एकावर एक ठेवलेलं असतं. तरी लाल राहिलं तर आयलंडमधलं अंतर कमी पडतंय. समजा 64 टेक्सलच्या जागेत 2 टेक्सलचं अंतर आहे, तीच वस्तू तू 32 वर आणलीस की उरला 1, मग फिल्टरिंगमध्ये शेजारचा रंग मिसळणारच. `Pack Margin` वाढव नाहीतर त्या एकाच वस्तूचं `Scale in Lightmap` वाढव, अख्ख्या सीनचं नको.

२. लाल काहीच नाही पण भिंतीच्या बुडाशी उजेडाची रेघ येतेय? मग ओव्हरलॅप नाहीये. लाइटमॅप रिझोल्यूशन 10 म्हणजे मीटरला 10 टेक्सल, एक टेक्सल 10 सेंटिमीटरचा, भिंतही तेवढीच जाड आणि जमीन खालून आरपार गेलेली, त्यामुळे बाहेरचा उजळ टेक्सल आतल्यात मिसळतो. जमीन भिंतीखाली कापून आतली-बाहेरची वेगळी कर. नुसतं रिझोल्यूशन वाढवलंस तर रेघ बारीक होते, मॅप मात्र फुगतो.

डीनॉइझर वगैरे नंतर, आधी लाल घालव.