गोषवाऱ्यात शोध दिसू दे

प्रिय,

तुझा गोषवारा काल रात्री दोनदा वाचला. निबंध मी आधीच वाचला असल्यामुळे एक गोष्ट लगेच जाणवली. निबंधात जे सापडलं आहे, ते गोषवाऱ्यात कुठेच नाही.

मर्यादा २५० शब्दांची आहे आणि पहिली चार वाक्यं ‘आजच्या डिजिटल युगात माध्यमांचे महत्त्व’ सांगण्यात गेली आहेत. माध्यम संशोधनाच्या परिषदेतल्या परीक्षकाला हे सांगायची गरज नसते. ती वाक्यं काढ. शेवटचं वाक्य तर मला जास्तच खटकलं: ‘प्रस्तुत निबंधात निष्कर्षांची सविस्तर चर्चा केली जाईल.’ तुझं काम पूर्ण झालेलं असताना पुढचं वचन कशाला? चर्चा केली जाईल म्हणण्याऐवजी काय आढळलं तेच लिही. काम अर्धवट असेल तेव्हासुद्धा ‘पहिल्या टप्प्यात असे दिसते’ असं प्रामाणिकपणे लिहिता येतं.

तुझ्याच मजकुरातून मी एक कच्चा आराखडा केला आहे:

‘पुराच्या बातम्यांत दैनिके नुकसानीची जबाबदारी कोणावर टाकतात, हे या निबंधात तपासले आहे. दोन दैनिकांतील सहा आठवड्यांच्या ३१२ बातम्यांचे आशय विश्लेषण केले. बातमी हे विश्लेषणाचे एकक होते आणि प्रत्येक बातमीची प्रधान चौकट नोंदवली. दोन्ही दैनिकांत मानवी कहाणीची चौकट सर्वाधिक आढळली. जबाबदारीची चौकट प्रामुख्याने पाणी ओसरल्यानंतरच्या बातम्यांत आली आणि तिचा रोख स्थानिक प्रशासनावर होता. त्यामुळे पूरनियोजनाचा प्रश्न बातमीत उशिरा शिरतो, असे दिसते.’

प्रश्न, सामग्री, पद्धत, निष्कर्ष आणि त्याचा अर्थ एवढंच यात आहे. शब्दही बरेच उरतात. त्यातलं एक वाक्य संकेतकांमधल्या सहमतीसाठी ठेव. तुम्ही दोघांनी काही बातम्यांचं स्वतंत्र संकेतन केलं होतं, त्या सहमतीचं माप म्हणून क्रिपेनडॉर्फ अल्फा द्यायला हवा. ०.८० किंवा त्याहून जास्त असेल तर आकडा निःशंक लिही. ०.६६७ च्या खाली असेल तर गोषवारा बाजूला ठेवून आधी चौकटींच्या व्याख्या नीट करा आणि पुन्हा संकेतन करा. जबाबदारी आणि मानवी कहाणी या चौकटी तू सेमेत्को आणि व्हाल्केनबर्ग यांच्या २००० सालच्या मांडणीतून घेतल्या आहेस, हेही अर्ध्या वाक्यात येऊ दे. ती मांडणी माहीत असलेल्या परीक्षकाला तेवढ्यावरून तुझं संकेतनपत्रक डोळ्यांसमोर आणता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या मसुद्यात एक वाक्य आहे: ‘अशा बातम्यांमुळे वाचक प्रशासनाला दोषी मानू लागतात.’ हे तुला माहीत नाही. तू बातम्या वाचल्यास, वाचकांशी तुझं बोलणं झालेलं नाही. बातमीत काय आहे, ते आशय विश्लेषण सांगतं. वाचकाच्या मनात काय उमटलं, त्यासाठी सर्वेक्षण, मुलाखती किंवा प्रयोग लागतो. आपल्या क्षेत्रात गोषवारे सर्वांत जास्त इथेच घसरतात.

हीच चूक तुझ्या बीजशब्दांतही उतरली आहे. तू दिलेस: माध्यमे, समाज, बातम्या, पूर, परिणाम. कितीतरी परिषदांत निबंध कोणत्या परीक्षकाकडे जाणार, हे बीजशब्दांवरून ठरतं. मी एकदा अशाच निबंधाला ‘माध्यम परिणाम’ हा बीजशब्द दिला होता. निबंध प्रेक्षक-अभ्यास करणाऱ्या परीक्षकाकडे गेला आणि पहिलाच शेरा आला, ‘नमुन्यातले प्रेक्षक कुठे आहेत?’ शेरा रास्त होता, कारण त्या शब्दाने तसंच वचन दिलं होतं.

तुझ्यासाठी मी हे सुचवीन: वृत्तचौकट, आशय विश्लेषण, आपत्ती वार्तांकन, जबाबदारीचे आरोपण, मुद्रित दैनिके. यांत सिद्धान्त, पद्धत, विषय, नेमकी संकल्पना आणि माध्यम असं सगळं येतं. ‘पूर’ शीर्षकात आहेच, शोधणाऱ्याला तो तिथे सापडेल. ती जागा दुसऱ्या शब्दाला दे. प्रत्येक शब्द शोधनिबंधांच्या सूचीत टाकून बघ. पहिल्या पानावर तुझ्या कामाच्या जवळचं काहीच आलं नाही, तर तो शब्द फार रुंद आहे किंवा अभ्यासक तो वापरत नाहीत.

मसुद्यात तू एकाच गोष्टीला कधी ‘चौकट’, कधी ‘दृष्टिकोन’, कधी ‘कोन’ म्हटलं आहेस. ललित लेखनात हे चालतं, इथे वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या संकल्पना वाटतात. शीर्षक, गोषवारा आणि बीजशब्द यांत ‘चौकट’ हाच शब्द ठेव. इंग्रजी गोषवाराही मागितला असेल, तर तिथे ‘फ्रेमिंग’ हीच रूढ संज्ञा घे, स्वतःचं भाषांतर नको.

तेच सहा आठवडे का निवडले, हे मला निबंधातही सापडलं नाही. पाणी चढल्यापासून मोजले की पहिल्या बातमीपासून, तेवढं कळव. त्यावरून आराखड्यातलं दुसरं वाक्य थोडं बदलावं लागेल.

तुझा,
सर